साठात त्रेचाळीस

वसुंधराबाई सावे यांचा आवाज मुळातच लहान. विरारच्या कॉलेजात सव्वीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं, पण तो आवाज मागच्या बाकापर्यंत काही कधी पोचला नाही. ज्यांना ऐकायचं असे ती पोरं पुढे येऊन बसत. बाईंना त्याची खंतही नव्हती. देवापुढे बोलायला मोठा आवाज लागत नाही, आणि फळ्यावरचं अक्षर स्वच्छ असलं की झालं, असं त्या म्हणायच्या. या लहान आवाजाची किंमत एक दिवस दुसऱ्याच माणसाला मोजावी लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुरुवात झाली ती जानेवारीत. सुजय म्हात्रे, त्यांचा जुना विद्यार्थी, बाईंच्या विरारमधल्या फुलपाड्याच्या घरी आला. आता तो पट्टा क्रिकेट मंडळाचा सचिव होता आणि जूचंद्रच्या संघाचा कप्तानही. जूचंद्रपासून विरारपर्यंतची आठ मैदानं या मंडळाकडे. शनिवार-रविवारी लेदर बॉलचे सामने चालत.

"मॅडम, एक काम आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही," पाया पडून तो म्हणाला.

"आधी चहा घे."

"घेतो. मॅडम, गासच्या ग्राउंडवर टॉस जिंकला की मॅच जिंकली. हे सगळे बोलतात. आम्ही दोन वर्षं फायनल तिथे हरलो. दोन्ही वेळा टॉस हरलो होतो. आता तीन आठवड्यांत परत फायनल, परत गासलाच. मला फक्त एवढंच हवंय, की हे खरं आहे का ते आकड्यांत सिद्ध करून द्या."

"सिद्ध नाही रे होत," बाई हलकेच म्हणाल्या. "तपासून बघता येतं."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण सुजय तोवर खारी चहात बुडवत होता.

तीन हंगामांचे सामने होते. स्कोअरशीटचे फोटो मंडळाने पाठवले, आणि बाईंची भाची कृतिका हिने ते आठ दिवस बसून संगणकात भरले. कृतिका बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, क्रिकेटची वेडी होती, आणि मावशीच्या संथ कारभाराला पार कंटाळलेली.

"मावशी, झालं. बरोबरीत सुटलेल्या आणि वाहून गेलेल्या मॅचेस काढून चारशे बारा राहिल्या. मैदान, तारीख, टॉस कोणी जिंकला, घेतलं काय, मॅच कोणी जिंकली. बस?"

"बस."

बाईंनी आधी सगळे सामने एकत्र घेतले. नाणेफेकीला काही किंमत नसेल, तर नाणं जिंकणारा संघ निम्म्या वेळा सामना जिंकेल. चारशे बारांचे निम्मे दोनशे सहा. प्रत्यक्षात भरले दोनशे एकवीस. पंधरा जास्त. नुसत्या योगायोगाने इतकी उडी पडू शकते. त्यात बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी मैदानं वेगळी केली. सात मैदानं निम्म्याच्या आसपास घुटमळत होती, कुठे एक वर, कुठे दोन खाली. आठवं गास. साठ सामने, आणि त्यातले त्रेचाळीस नाणं जिंकणाऱ्याने जिंकलेले.

"आईशप्पथ," कृतिका खुर्चीवरून उठलीच.

बाई उठल्या नाहीत. नाणेफेकीला काही अर्थ नाही असं धरलं, तर साठात त्रेचाळीस किंवा त्याहून टोकाचा आकडा निव्वळ योगायोगाने किती वेळा येईल, ते त्यांनी काढलं. हजारात जेमतेम एकदा. तरी त्यांनी हात आखडता घेतला. आठ मैदानं तपासायची म्हटल्यावर एखादं तरी उगाच वेगळं दिसणारच. आठ पेट्या उघडल्या आणि एकीत पाल निघाली म्हणून ओरडायचं नसतं. म्हणून त्या आकड्याला त्यांनी आठने गुणलं. तरीही शंभरात एकच.

गासचा आकडा टिकला होता. बाईंना आनंद झाला. त्या आनंदाची त्यांना पुढे फार लाज वाटली, पण त्या संध्याकाळी झाला हे खरं. वर्गात पाठ्यपुस्तकातली उदाहरणं देऊन आयुष्य गेलं, आणि आज घरच्या मातीतून असा आकडा उगवला होता. दिवा लावताना त्यांनी तो मनातल्या मनात दोनदा म्हटलासुद्धा. साठात त्रेचाळीस.

कशी आली ही माहिती, कोणी लिहिली, कधी लिहिली, हा पहिला प्रश्न विचारायचा, हे दर जूनमध्ये त्या पोरांना सांगत. तो त्यांनी विचारला नाही.

मंडळाची बैठक फुलपाड्यातल्याच एका गाळ्यात झाली. दहा-बारा माणसं, मधे टेबल, भिंतीवर करंडकांचं कपाट. दाराशी रामनाथ भोईर उभा होता. गासच्या मैदानाचा माळी तो. अठरा वर्षं त्याने ती खेळपट्टी राखली होती आणि मैदानाच्या कडेच्या खोलीत बायकोसह राहत होता. त्याला का बोलावलं हे बाईंना कळलं नाही. त्याला बसायला कोणी सांगितलं नाही, हे मात्र त्यांना दिसलं.

बाईंनी कागद वाचला. पुढच्या चौघांना ऐकू आला.

"हजारात एक!" सुजयने तो मोठ्याने सगळ्यांपर्यंत पोचवला. "ऐकलंत ना? म्हणजे हे आपोआप होत असण्याचा चान्स हजारात एक. म्हणजे नऊशे नव्व्याण्णव टक्के... म्हणजे हजारात नऊशे नव्व्याण्णव, तिथे कोणीतरी काहीतरी करतंय."

"असं नाही म्हणता येत," बाई म्हणाल्या. "योगायोग धरला तर असा आकडा क्वचित दिसतो, एवढंच. कोणी काही केलं, याची ती शक्यता नव्हे. ती दुसरीच..."

"पिचच्या बाबतीत आता आपण विचारूच," सुजय म्हणाला. त्याने बाईंचं बोलणं तोडलं असंही नाही. त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं. "रामनाथ, खरं सांगायचं. सामन्याआधी पिचवर काय करतोस?"

"काय करनार, सायेब? पानी मारतो."

गाळ्यात खुर्च्या करकरल्या.

"कधी?"

"शनवारची मॅच उरकली की सांजच्याला थोडं पानी शिंपडतो, रोलर फिरवतो, ताडपत्री टाकतो. रईवारी सकाली काडतो. सगलेच करतात."

"म्हणजे रविवारी सकाळी पिच ओलं," कोणीतरी म्हणालं.

"आणि कोणत्या कप्तानाला ते माहीत असतं?" दुसरा म्हणाला.

सगळं किती चपखल बसलं. सकाळी ओल, चेंडू हलतो, नाणं जिंकणारा क्षेत्ररक्षण घेतो, समोरच्याला लवकर गुंडाळतो. आकड्याला गोष्ट मिळाली की माणसं आकडा विसरतात आणि गोष्ट घरी घेऊन जातात. बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. "हे आकड्यांतून निघत नाही," असं त्या म्हणाल्या. शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडे वळून "चहा?" म्हणाले.

दाराशी उभा रामनाथ मात्र त्यांच्याकडेच बघत होता. त्यांचे ओठ हलताना त्याला दिसत होते.

ठरलं असं: येत्या रविवारी दुपारपर्यंत रामनाथने खोलीची किल्ली द्यावी. फायनल गासला ठेवायची की हलवायची, ते त्याच सकाळच्या बैठकीत बघू.

गुरुवारी तो फुलपाड्याला आला. सोबत पिशवीत तोंडली होती, मैदानाच्या कुंपणावरच्या वेलाची. तो उंबऱ्याच्या आत येईना.

"ताई, एकच इचारायचं व्हतं. तुमच्या मशिनला काय दिसलं?"

"मशीनला काही दिसत नाही, रामनाथभाऊ. ते नुसतं मोजतं."

"पन खोटं नाय ना मोजत?"

"नाही."

त्याने पिशवी उंबऱ्यावर टेकवली. "गावात बोलतात, पिचखाली कायतरी पुरलंय. कोनी म्हनतो नारल, कोनी म्हनतो बाहुली. अठरा वर्सं मी त्याच्यावर झोपलोय म्हना ना. मला कसं नाय समजलं? मी नाय पुरलं, ताई. पन मशिन बोलतंय म्हंजे असंल काय तरी."

"भाऊ, असं काही नसतं हो."

"नक्की?"

बाई थांबल्या. 'नक्की' हा शब्द त्यांनी सव्वीस वर्षांत फळ्यावर लिहिला नव्हता. जे आकड्यांत नाही ते बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. उपासासारखा पाळलेला.

"मी पुन्हा बघते," त्या म्हणाल्या.

रामनाथने मान हलवली. जाताना तो म्हणाला, "बायको माहेरी गेली. त्या खोलीत झोपत नाय बोलली."

पिशवी उंबऱ्यावरच राहिली होती. तोंडली कोवळी होती, पण बाईंना ती चिरवली नाहीत.

शुक्रवारी सकाळी पूजा उरकल्या उरकल्या त्या संगणकापुढे बसल्या. कृतिका दात घासत मागे उभी.

"काय शोधतेस, मावशी?"

"नाणं माणसाला धावा देत नाही. ते फक्त आधी खेळायचं की नंतर, एवढंच ठरवू देतं. नाणेफेकीचा फायदा व्हायचा तर त्याच वाटेने व्हायला हवा. रविवारी खेळपट्टी ओली असते आणि त्याने सामने फिरतात, तर रविवारी नंतर फलंदाजी करणारे जास्त जिंकलेले दिसले पाहिजेत. आधी कोण खेळलं यात लिहिणाऱ्याची चूक होणं कठीण. अख्खा डाव लिहिलेला असतो."

कृतिकाने ब्रश तोंडात तसाच ठेवून दोन बटणं दाबली. गासचे रविवारचे सामने सत्तावीस. नंतर खेळणारे जिंकले चौदा, आधी खेळणारे तेरा.

"काहीच नाही," ती म्हणाली. "ओलबिल सब झूठ."

"आता रविवारचाच टॉस बघ."

कृतिकाने बघितलं. मग ब्रश तोंडातून काढला.

"मावशी. सत्तावीसपैकी सत्तावीस."

बाई संगणकाजवळ सरकल्या.

"आणि शनिवारी?"

"तेहेतीसपैकी... सोळा."

शनिवारी निम्मे. रविवारी एकूण एक. सत्तावीस वेळा नाणं उडवून सत्तावीस वेळा छापा पडणं, तेरा कोटींत एकदा. असं मैदान नसतं. अशी ओल नसते, अशी बाहुली नसते. इतका शुद्ध आकडा निसर्गातून येत नाही, तो माणसाच्या पेनातून येतो.

"त्या रविवारच्या शीटांचे फोटो उघड," त्या म्हणाल्या.

सत्तावीसही कागदांवर एकच अक्षर होतं. मागे कललेलं, नेटकं, निळं. आणि नाणेफेकीच्या रकान्यातली शाई डावाच्या पहिल्या षटकाच्या शाईशी जुळत नव्हती. जुळत होती ती शेवटच्या ओळीशी, जिथे निकाल लिहितात. खाली सही: ऑस्कर लोपीस.

ऑस्कर लोपीस गासलाच राहत. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. शनिवारी सकाळी बाई आणि कृतिका रिक्षाने गेल्या तेव्हा ते अंगणात केळीची वाळकी पानं कापत होते. बाईंनी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला, वाचला, आणि कोयता हळूच ओट्यावर ठेवला.

"हा रकाना मीच भरतो, बाय."

"कधी भरता?"

"संध्याकाळी. सामना संपला की." ते जरा घुटमळले. "रविवारी चर्चमध्ये माझी मिस्सा असते ना. ती चुकवत नाही मी, कधीच नाही. मिस्सा सुटून मैदानावर पोचतो तोवर तीन-चार ओव्हर झालेल्या असतात. तोवरचे रन पोरं कागदावर मांडून ठेवतात, ते मी उतरवून घेतो. नाणं तर केव्हाच उडालेलं असतं. ते कोणी लिहून ठेवत नाही."

"विचारत नाही का कोणाला?"

"सुरुवातीला विचारायचो. कोणाला आठवत नसे, दोघंही म्हणायचे आम्ही जिंकलो. रकाना रिकामा ठेवला तर मंडळ शीट परत पाठवतं. मग मी म्हटलं, ज्याने सामना जिंकला त्याचंच नाणं लिहू. काय बिघडतं? आधी कोण खेळलं ते असतंच, त्यावरून बॅटिंग घेतली की फिल्डिंग ते टाकायचं." त्यांनी वर पाहिलं. "काय बिघडलं, बाय?"

बाईंनी सांगितलं. रामनाथचं नाव आल्यावर ऑस्कर ओट्यावर बसलेच. दर रविवारी सामना सुटल्यावर रामनाथच त्यांना टेबल आवरायला हात द्यायचा.

"मी तर देवाच्या कामात उशीर करत होतो," ते म्हणाले. बाईंनाही सकाळच्या पूजेपायी कितीदा उशीर झाला होता, आणि त्या उशिराने कोणाचं वाईट होईल असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं.

"हे लिहून द्याल?"

"लिहून देतो. बैठकीत उभा राहून सांगतोही. पण मला ते विचारतील, तीन वर्षं गप्प का बसलास? काय सांगू?"

"सांगा की कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा नाही."

परतताना त्यांनी कृतिकाला रामनाथचा फोन लावायला सांगितलं. बंद होता. मैदान पलीकडच्याच वाटेला होतं. जावं का, असं बाईंच्या मनात आलं. पण उन्हं चढली होती, आणि त्यांना वाटलं की हातात पूर्ण कागद असल्याशिवाय जाऊन काय बोलणार? अर्धवट बोलायची त्यांना सवय नव्हती.

दुपारी कृतिकाने आणखी एक गोष्ट शोधून काढली. गेल्या वर्षीच्या फायनलचा व्हिडिओ, कोणीतरी मोबाइलवर काढलेला. पंच नाणं उडवतात, सुजय "छापा!" ओरडतो, पंच वाकतात आणि सुजयकडे बोट करतात. सुजय माइकमध्ये हसत म्हणतो, "बॅटिंग." ऑस्करच्या शीटवर मात्र नाणं जिंकलेला संघ दुसराच होता. जो सामना जिंकला तो.

रविवारी सकाळी बैठकीआधी बाईंनी सुजयला गाळ्याबाहेर गाठलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने व्हिडिओ एकदा पाहिला. मग आवाज बंद करून पुन्हा पाहिला.

"हे... सामन्याच्या अहवालात तर..." तो म्हणाला.

"अहवाल तू वर्षभर वाचलास. त्यात तू टॉस हरला होतास."

"मला आठवतंय ना मॅडम, हरलो होतो. मी सगळ्यांना सांगितलंय." त्याचा चेहरा उतरला होता, आणि मग हळूहळू घट्ट झाला. "हे कोणाकोणाला दाखवलंत?"

"अजून कोणाला नाही. आत दाखवणार आहे."

"बघा मॅडम, एक बोलू? तुमचा रिपोर्ट मी छापून आठही ग्राउंडवर लावलाय. तुमच्या नावाने. आता तुम्हीच म्हणणार तो चुकला? तुमचंच नाव जाईल."

"जाऊ दे."

ते त्या इतक्या हळू म्हणाल्या की सुजयला पुढे वाकावं लागलं. पण यावेळी त्याला ऐकू गेलं.

आत मिस्सा उरकून आलेले ऑस्कर उभे राहिले, सगळं बोलले. कोणी हसलं नाही. बाईंनी नवे आकडे फळ्यावर लिहिले, मोठ्या अक्षरात, कारण आवाजाचा भरवसा त्यांना उरला नव्हता. रविवारचे सत्तावीस सामने बाद. राहिलेले तेहेतीस, त्यात सोळा. त्यात नाणेफेकीचा काही परिणाम दिसत नाही.

"म्हणजे टॉसने काही फरक पडत नाही?" एका सभासदाने विचारलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. खोटं बोलायची ती एक सोपी संधी होती. "तेहेतीस सामन्यांत दिसला नाही. बारीकसा फरक असेल तर इतक्या कमी सामन्यांत तो दिसणारही नाही. नाही दिसलं म्हणजे नाहीच आहे, असं म्हणता येत नाही."

"मग संशय राहिलाच की!"

"नाही!" बाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. "संशय ज्या आकड्यावर उभा होता तो आकडाच खोटा होता. रामनाथवर बोट ठेवायला कागदावर काही म्हणजे काही उरलेलं नाही."

शेवटी सुजयच म्हणाला, जमिनीकडे बघत, "रामनाथला ठेवायचं. खोलीही. फायनल गासलाच. लिहा ठरावात." मग खिशातून फोन काढून त्याने रामनाथला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"कालपासून बंद आहे," कृतिका म्हणाली.

बाई दाराकडे वळल्या. "गाडी काढ, सुजय," त्या म्हणाल्या. कृतिका आणि ऑस्करही मागोमाग निघाले.

दुपारचे बारा वाजायचे होते. गासच्या मैदानावर त्या शनिवार-रविवारी सामना नव्हता. भाताची रिकामी खाचरं कुंपणापर्यंत आली होती, वारा पडला होता. खोलीचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर किल्ली ठेवलेली. कोणाच्या हातात द्यायला नको म्हणून ठेवावी तशी.

आवाज मधून येत होता. धप्. थोडा वेळ काही नाही. मग धप्.

मैदानाच्या मधोमध ताडपत्री गुंडाळून ठेवलेली होती, तिच्या शेजारी रोलर, आणि त्यापलीकडे मातीचा लांबच लांब ढीग. अठरा वर्षं दाबून दाबून दगडासारखी केलेली माती ढेकळांनी बाहेर पडली होती. बावीस यार्डांपैकी निम्मीअधिक खेळपट्टी गेली होती. खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला रामनाथ कुदळ मारत होता. हाताच्या तळव्यांना फडकी बांधली होती, ती लाल झाली होती.

"अरे बापरे," सुजय म्हणाला. "आता दोन वर्षं इथे पिच होत नाही. फायनल जूचंद्रलाच घ्यावी लागणार."

हे त्याच्या तोंडून आपोआपच गेलं असावं, कारण लगेच त्याने तोंडावर हात ठेवला. ऑस्कर छातीवर क्रूस काढत होते.

बाई ढिगाच्या कडेला गेल्या. "रामनाथभाऊ, थांबा. चूक झाली. आकडा चुकला होता. लिहिण्यात चूक होती, तुमच्या मातीत काही नाही. तुमची खोली, तुमचं काम, सगळं तसंच आहे. ठराव झाला."

धप्.

"रामनाथभाऊ!"

तो थांबला. वर बघितलं. डोळे मातीने भरलेले. "काल सकालपासून खनतोय, ताई. काय नाय सापडलं."

"नाहीच सापडणार."

"म्हनजे अजून खाली असंल." तो समजुतीने म्हणाला, जणू बाईंनाच धीर देत होता. "नाय सापडलं म्हंजे नाय, असं थोडंच हाय?"

तासाभरापूर्वी फळ्यापुढे बाई हेच बोलल्या होत्या, आणि ते खरं होतं. तेच खरं वाक्य आता खड्ड्यातून, मातीने माखून, त्यांच्याकडे परत आलं होतं. रामनाथने कुदळ पुन्हा वर उचलली.

"काही नाही खाली!" बाई ओरडल्या. "नक्की! नक्की काही नाही! मी सांगते ना!"

आवाज खाचरांवरून पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. कुंपणावरचे बगळे उडाले. कृतिकाने मावशीचा हात धरला, कारण मावशीचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

कुदळ रामनाथच्या डोक्यावर तशीच अडली. तो बाईंकडे बघत राहिला, अगदी त्या दिवशी दारातून बघत होता तसा.

"तुमचा आवाज एवडा मोटा हाय, ताई?" तो म्हणाला. "मंग त्या दिवशी का नाय काडलात?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलले.

रामनाथने थोडा वेळ वाट पाहिली. मग कुदळ खाली आणली. धप्.